सलाईनचा घोळ पत्रात लिहा, सिस्टर

मॅडम, जीएनएम करून २०१० मध्ये एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला लागले. २०१५ ते २०१७ पोस्ट बेसिक बीएस्सी केलं आणि परत तिथंच आले. आधी मेडिकल आयसीयू, २०२० पासून मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. जवळच्या एका नर्सिंग स्कूलला जीएनएमसाठी ट्यूटर हवी आहे. अर्जासोबत पत्र मागितलंय, मराठीत चालेल म्हणाले. मी असं लिहिलंय: ‘महोदया, वरील विषयास अनुसरून नम्रपणे सादर करते की, मला नर्सिंग क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव असून मी कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ आहे. मला शिकवण्याची मनापासून आवड आहे. संधी दिल्यास मी तिचे सोने करीन.’ मैत्रीण म्हणते छान आहे. मला काहीतरी कमी वाटतंय. शिकवायचा अनुभव नाही, हे लिहायचं की गप्प बसायचं? वॉर्डात नव्या मुलींना सांगत असतेच. मागं सलाईनचे सेट बदलले तेव्हा थेंबांचा घोळ झाला, तोही मीच निस्तरला. पण त्याला काय शिकवणं म्हणायचं?
— एक इन्चार्ज सिस्टर, सांगली जिल्हा

सिस्टर,

त्यालाच शिकवणं म्हणायचं. पत्राच्या शेवटी जाता जाता टाकलेलं ते एक वाक्य तुमच्या सगळ्या मसुद्यापेक्षा वजनदार आहे. म्हणून तर मी तुम्हाला उलट चार प्रश्न पाठवले आणि तुम्ही वेळ काढून उत्तरं दिलीत. ती उत्तरं खाली वापरली आहेत, हॉस्पिटल ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

आधी तुमचं पत्र कुणाच्या हातात पडणार ते बघू. नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या. मी त्या खुर्चीत बरीच वर्षं बसले आहे, म्हणून सांगते, ट्यूटरचा अर्ज उघडताना डोक्यात दोनच गोष्टी असतात. पहिली, ही बाई कागदावर चालेल का? कौन्सिलचं इन्स्पेक्शन आलं की प्रत्येक शिक्षकाची फाइल टेबलावर ठेवावी लागते. पदवी, रजिस्ट्रेशन, अनुभवाचा दाखला, आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर, सगळं त्यात लागतं. एक कागद कमी पडला तर ती जागा रिकामी धरली जाते. दुसरी, उद्या हिच्या ताब्यात दहा मुली देऊन वॉर्डात पाठवलं, तर मी ऑफिसात निवांत बसू शकेन का? क्लिनिकलला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा हिशोब आहे. ट्यूटर म्हणजे मुख्यतः हेच काम. वर्गातली लेक्चरं त्याच्या जोडीला.

‘कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ’ यातून या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. हे तीन शब्द आलेल्या प्रत्येक अर्जात असतात, आणि खरं सांगायचं तर डोळा त्यांच्यावरून घसरतो. ‘संधीचे सोने’ तर मी वाचायचंच सोडून दिलं होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पत्राच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत उरकून टाका. नुसतं जीएनएम असतं तर ट्यूटरच्या जागेसाठी दारच बंद होतं, किती का वर्षं नोकरी झालेली असेना. पोस्ट बेसिक बीएस्सीमुळे तुम्ही बसता. पण मसुद्यात पदवीचा उल्लेखच नाही! ‘प्रदीर्घ अनुभव’ लिहिलंत आणि तो मोजायचं काम वाचणाऱ्यावर टाकलंत. पदवीच्या आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं वेगळी लिहा, कारण पात्रता तपासताना पदवीनंतरचा अनुभव किती हे बघितलं जाऊ शकतं आणि तुमचा तो भरपूर आहे. तेरा वर्षं असा एकच गठ्ठा लिहिला की मधली दोन शिकण्याची वर्षं कुठं गेली, अशी शंका फुकट निर्माण होते.

रजिस्ट्रेशनबद्दलही एक वाक्य हवं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे, आणि मुख्य म्हणजे पोस्ट बेसिक झाल्यावर ती जादा पदवी कौन्सिलकडे नोंदवली होती का? बऱ्याच सिस्टर पदवीचं सर्टिफिकेट घरी फाइलला लावतात आणि ही नोंद राहून जाते. वॉर्डात त्याने काही अडत नाही. शिक्षकाच्या फाइलमध्ये मात्र पहिलं तेच विचारतात. नसेल केली तर आजच अर्ज टाका, आणि नोंद हातात येईपर्यंत ‘नोंदणीकृत’ असं पत्रात लिहू नका, ‘नोंदणीसाठी अर्ज केला आहे’ असं लिहा.

आता दुसरा प्रश्न. सगळं पत्र खरं म्हणजे याच्यासाठी आहे.

अनुभवी नर्स शिकवायला येते तेव्हा प्राचार्यांना एक भीती असते, ती कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. हाताला सवय झालेली बाई काम झटक्यात करते, पण ते पायऱ्यांनी सांगता येत नाही. विद्यार्थिनी चुकली की ‘सरक, मी करते’ म्हणून हातातलं काढून घेते. वॉर्डात ते बरोबरच आहे, पेशंट महत्त्वाचा. पण पोरगी तीन वर्षं बाजूला उभी राहून बघतच राहते आणि तिच्या प्रोसिजर बुकवर सह्या मात्र होत जातात. त्यामुळे पत्रात तुम्हाला दाखवायचंय ते हे, की समोरच्याला नेमकं कुठं अडलंय ते तुम्ही शोधता, आणि त्याला आलं की नाही हे नंतर तपासता. ‘आयसीयूचा दांडगा अनुभव’ लिहून हे दिसत नाही, ते एखाद्या प्रसंगातून दिसतं.

तुमचा सलाईनचा प्रसंग त्यासाठी अगदी बेतलेला आहे. तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे, सकाळी आठला ५०० मिलिची बाटली लावली, आठ तासांत जायची होती, म्हणजे दुपारी चारला संपायला हवी. दोनच्या हँडओव्हरला तुम्ही बेडवर गेलात तर बाटली रिकामी. पेशंट हृदयाचा, पाय सुजलेला. नशिबाने त्याला काही झालं नाही. त्या आठवड्यात नव्या लागलेल्या तिघींना तुम्ही वेगवेगळं विचारलंत, ‘किती थेंब ठेवलेस?’ तिघींनी एकच आकडा सांगितला, मिनिटाला एकवीस.

आणि गंमत म्हणजे एकवीस हे उत्तर बरोबर होतं! ५०० मिलि गुणिले २० थेंब, भागिले ४८० मिनिटं, येतात वीस पूर्णांक आठ, म्हणजे एकवीस. कॉलेजात घोकलेला हिशोब त्यांनी चोख केला होता. फक्त त्या महिन्यात स्टोअरमधून दुसऱ्या कंपनीचे सेट आले होते आणि त्यांच्या पाकिटावर एका मिलिला २० नाही, १५ थेंब छापलेले होते. त्या सेटचा थेंब मोठा. एकवीस थेंबांनी मिनिटाला एक पूर्णांक चार मिलि जायला लागलं, तासाला ८४. आठ तासांची बाटली सहा तासांत संपली. आठला लावलेली दोनला रिकामी, हिशोब तंतोतंत जुळतो. १५च्या सेटवर सोळाच थेंब हवे होते.

इथं बहुतेक इन्चार्ज काय करतात? ओरडतात, किंवा तोच फॉर्म्युला फळ्यावर परत लिहून देतात. दोन्हींचा उपयोग शून्य, कारण फॉर्म्युला त्यांना येतच होता. तुम्ही काय केलंत? दोन्ही कंपन्यांची पाकिटं त्यांच्या हातात दिलीत आणि पेन काढायच्या आधी पाकिटावरचा आकडा मोठ्याने वाचायला लावलात. मग हिशोब, मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थेंब मोजणं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, हे तुम्ही आवर्जून कळवलंत. त्यानंतर बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करायच्या आणि एका तासाने जाऊन बघायचं की साधारण ६० मिलि खाली आलंय का. का, तर थेंब एकदा लावले म्हणजे तसेच राहतात असं नाही. पेशंटने कोपर वाकवला, बेड वर-खाली केला, नातेवाइकाने रोलरला हात लावला की वेग बदलतो. तिघींकडून तुम्ही हे करवून घेतलंत आणि पुढचे काही आठवडे हँडओव्हरला बाटलीवरची पट्टी स्वतः तपासत राहिलात.

सिस्टर, याला बीएस्सीच्या पुस्तकात फार जड नावं आहेत. तुम्ही गरज ओळखलीत, डेमो दिलात, रिटर्न डेमो घेतलात, मूल्यमापन केलंत. ती नावं पत्रात एकदा वापरलीत तर चालतील, पण प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा. प्राचार्या स्वतः नर्सच आहेत. एकवीस आणि सोळाचा फरक वाचून त्या खुर्चीत सावरून बसतील.

लिहिताना तीन ठिकाणी सांभाळा. पेशंटचा आजार, वय, बेड नंबर यातलं काही नको, ‘एका पेशंटची बाटली’ एवढं पुरे. हृदयाचा पेशंट होता हे मला कळवलंत ते ठीक, पत्रात नको. हॉस्पिटलचा किंवा स्टोअरचा दोष काढल्यासारखं वाटता कामा नये. सेट बदलले, झालं, ते कुठंही बदलतात. आणि ‘यामुळे वॉर्डातील चुका ८० टक्के कमी झाल्या’ छापाचं वाक्य कुणी सुचवलं तर ऐकू नका. तुम्ही मोजलेलं नाही. मुलाखतीत ‘कसं मोजलंत?’ विचारलं की तिथंच घसरगुंडी. ‘त्यानंतर मी हँडओव्हरला पट्ट्या तपासत होते आणि खुणेप्रमाणे चालू दिसत होत्या’ हे खरं आहे आणि तेवढ्याने काम होतं.

अनुभव नाही हे लिहायचं का? लिहायचं, एका वाक्यात, आणि रडका सूर न लावता. वर्गात शिकवण्याचा औपचारिक अनुभव नाही. एवढं म्हणून लगेच जे आहे ते सांगायचं. तुमच्या वॉर्डात बाहेरच्या स्कूलच्या मुली पोस्टिंगला येतात, असं तुम्ही कळवलंत. त्यांच्याबरोबर त्यांची ट्यूटर रोज असते का? नसते, हे मला विचारायची गरज नाही. मग त्या दिवशी त्यांना बेड वाटून देणं, कॅथेटर केअर किंवा रायल्स ट्यूब फीडिंग समोर उभं राहून करवून घेणं, केअर प्लॅनमध्ये नुसतं ‘पेन’ लिहून आणलं तर ‘कुठं दुखतंय, किती, कशामुळे, ते पेशंटला विचारून ये’ म्हणून परत पाठवणं, हे तुम्ही करत असणार. ते लिहा. पण याला ‘अध्यापनाचा अनुभव’ म्हणू नका. इन्स्पेक्शनच्या भाषेत अध्यापनाचा अनुभव म्हणजे शिक्षक म्हणून नेमणूक आणि तिचा दाखला. ओढूनताणून तो शब्द वापरलात तर प्राचार्यांना तुमच्या बाकीच्या दाव्यांवरही शंका येईल.

विषयाचंही ठरवून लिहा. ‘कोणताही विषय शिकवण्यास तयार’ हे नम्रपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तुमचा माल मेडिकल-सर्जिकलचा आहे, आणि पहिल्या वर्षाच्या नर्सिंग फाउंडेशनच्या प्रात्यक्षिकांना तुमच्यासारखी वॉर्डातून ताजी आलेली बाई सोन्यासारखी. हे दोन विषय नाव घेऊन लिहा. बाळंतपण किंवा कम्युनिटीला गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही हात लावलेला नाही, तर ते तुमच्या तोंडी नको. गरज पडली तर त्या देतीलच, आणि तेव्हा अभ्यास करून घ्याल.

एक गोष्ट तुम्ही तिसऱ्या उत्तरात सहज लिहून गेलात, ती मला मोलाची वाटली. पोस्टिंगच्या मुलींपैकी मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना पेशंटचं सगळं दिसतं, तोंडाने नीट सांगतात, पण केस बुक इंग्रजीत लिहायची म्हटली की दुसरीची उतरवून काढतात. तुम्ही त्यांना आधी मराठीत सांगायला लावता, मग त्यातला एकेक शब्द इंग्रजीत बसवून घेता. जीएनएमची परीक्षा इंग्रजीत, आणि मुली जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शाळांतून आलेल्या. पहिल्या वर्षी गळतात त्या बऱ्याचशा इथंच. तुमच्या भागातल्या प्रत्येक स्कूलला हे दुखणं आहे. यावर पत्रात दोन वाक्यं हवीतच.

‘नोकरी का बदलताय’ याचं उत्तर पत्रात द्यावं लागत नाही, मुलाखतीत द्यावं लागतं. नाइट झेपत नाही, गुडघे दुखतात, मुलाची दहावी आहे, यातलं काहीही खरं असलं तरी पत्रात नको. वाचणारीला त्यातून एवढंच दिसतं की बाईला आरामाची जागा हवी आहे. आणि ट्यूटरची जागा आरामाची नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी हजेऱ्या आणि क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड, वर होस्टेलची भांडणं.

हे सगळं धरून मी तुमचं पत्र असं लिहिलं असतं. कंसातली जागा तुम्ही भरायची.

‘माननीय प्राचार्या,

आपल्या स्कूलच्या जीएनएम अभ्यासक्रमासाठी ट्यूटर पदाची जाहिरात वाचली, त्यासाठी हा अर्ज करीत आहे. माझे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग २०१७ मध्ये पूर्ण झाले आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील माझे रजिस्ट्रेशन (तारीख) पर्यंत वैध असून जादा पदवीची नोंद झालेली आहे. पदवीपूर्वी २०१० ते २०१५ आणि पदवीनंतर २०१७ पासून आजपर्यंत मी एकाच ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये काम करीत आहे. सुरुवातीला मेडिकल आयसीयूमध्ये होते, २०२० पासून मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे.

वर्गात शिकवण्याचा औपचारिक अनुभव मला नाही. नव्या स्टाफला आणि पोस्टिंगवर येणाऱ्या जीएनएमच्या विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवण्याचे काम मात्र इन्चार्ज म्हणून मी नियमित करते. त्याचे एक उदाहरण देते. आठ तासांसाठी लावलेली ५०० मिलिची बाटली सहा तासांत संपल्याचे हँडओव्हरला माझ्या लक्षात आले. नव्या तीन सिस्टरना विचारले तेव्हा तिघींनी मिनिटाला २१ थेंब सांगितले. गणित बरोबर होते, पण नव्या सेटवर मिलिला २० ऐवजी १५ थेंब होते आणि ते कोणी वाचले नव्हते. मी फॉर्म्युला पुन्हा सांगितला नाही. दोन्ही पाकिटे हातात देऊन आधी आकडा वाचणे, मग हिशोब, पूर्ण मिनिट थेंब मोजणे, बाटलीवर तासाची पट्टी लावणे आणि एका तासाने तपासणे, या क्रमाने प्रत्येकीकडून करवून घेतले. नंतरचे काही आठवडे हँडओव्हरला पट्ट्या मी स्वतः पाहिल्या. त्या खुणेप्रमाणे चालू होत्या.

विद्यार्थिनींना मी बेड नेमून देते, प्रोसिजर समोर करवून घेते आणि केअर प्लॅन पेशंटशी बोलून लिहिलेला नसेल तर परत पाठवते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना निरीक्षण जमते, इंग्रजीत लिहिताना त्या अडतात. त्यांच्याकडून आधी मराठीत केस सांगून घेऊन नंतर तीच इंग्रजीत लिहून घेण्याची पद्धत मी वापरते.

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग आणि नर्सिंग फाउंडेशनची प्रात्यक्षिके हे विषय मी लगेच घेऊ शकेन. मुलाखतीच्या वेळी डेमो लेक्चर देण्याची तयारी आहे. सध्याच्या ठिकाणी (इतक्या) दिवसांची नोटीस द्यावी लागते.

आपली विश्वासू,’

एका पानात बसतं. याहून लांब करू नका. जे आणखी सांगावंसं वाटेल, म्हणजे व्हेंटिलेटरवर काम केलंय, सीएनईचे तास झालेत, अमुक ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे, ते बायोडेटात जाऊ द्या. मूळ प्रसंग सांगताना ‘मी’ वारंवार येतो म्हणून अवघडू नका. आपल्याकडे नर्सला ‘आमच्या वॉर्डात असं केलं गेलं’ म्हणायची सवय लागलेली असते. कुणी केलं हे प्राचार्यांना कळायला हवं.

पत्र दिल्यावर बोलावणं आलं तर डेमो लेक्चर बहुधा मागतील, पंधरा-वीस मिनिटांचं, लेसन प्लॅनसकट. विषय तुमच्यावर सोडला तर थेंबांचाच घ्या. उद्दिष्ट एकच ठेवा, तेही तपासता येईल असं: ‘विद्यार्थिनी दिलेल्या सेटवरील थेंबांचा आकडा वाचून वेग काढील.’ ‘विद्यार्थिनीला आयव्ही फ्लुइडविषयी ज्ञान होईल’ असं लिहिलंत तर पॅनेलवरच्या एखाद्या मॅडम नक्की विचारतील की ज्ञान झालं हे कसं कळणार, आणि त्यांचा प्रश्न रास्त असेल. पहिली पाच मिनिटं इतिहास आणि व्याख्येत घालवू नका. पॅनेलमधल्याच एकीला पाकीट वाचायला द्या आणि ती जो आकडा सांगेल त्यावर पुढचा हिशोब करा. पॉवरपॉइंटची गरज नाही. वीज गेली तरी चालणारा धडा नर्सिंग स्कूलमध्ये कधीही बरा.

अनुभवाचा दाखला मेट्रनकडून आत्ताच मागून ठेवा. नेहमीच्या छापील दाखल्यात ‘स्टाफ नर्स म्हणून अमुक ते अमुक काळ काम केले, वर्तणूक चांगली’ एवढंच असतं. त्यात दोन गोष्टी घालून मिळतात का बघा. एक, इन्चार्ज म्हणून कुठल्या तारखेपासून. दोन, पोस्टिंगवरच्या विद्यार्थिनींच्या क्लिनिकल शिक्षणात सहभाग होता, हे एक वाक्य. मेट्रनना लिहिण्यात अडचण नसावी, त्यांनी ते रोज बघितलेलं आहे. मात्र त्यासाठी तुम्ही दुसरीकडे अर्ज करताय हे त्यांना सांगावं लागेल, आणि ते त्यांना तुमच्या तोंडून कळलेलं बरं. नर्सिंगचं जग लहान आहे, प्राचार्या आणि मेट्रन बहुतेक एकाच बॅचच्या निघतात.

जाहिरातीतली शेवटची तारीख अर्ज टाकायची आहे की पोचायची, हे स्कूलच्या ऑफिसला फोन करून विचारून घ्या. पोस्टाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टच करा आणि पावती जपून ठेवा.